अ‍ॅपच्या आधी पोचवणारे ड्रायव्हर : तुमचेही अनुभव लिहा

आमच्या बसच्या रूटवर एक जुने ड्रायव्हरमामा आहेत, रिटायर व्हायला थोडेच दिवस राहिलेत. त्यांच्या सकाळच्या गाडीला मी त्यांच्या मागच्या सीटवर बसतो आणि मोबाईलवर रस्ता आणि टाईम दाखवणारं मॅपचं अ‍ॅप चालू ठेवतो. परवा ६.१० ला सुटलो तेव्हा अ‍ॅप १ तास ५० मिनिटं सांगत होतं आणि आम्ही पोचलो १ तास ३७ मिनिटांत. गाडीला स्पीड लॉक आहे, म्हणजे पळवून पोचवली असं म्हणायला जागाच नाही.

मग ही १३ मिनिटं आली कुठून ते मी नीट बघितलं. पहिलं म्हणजे रेल्वे फाटक. ६.५२ च्या आसपास पॅसेंजर जाते, त्याच्या आधी फाटक पडतं, आणि एकदा पडलं की दहाएक मिनिटं गेलीच. त्याच्या अलीकडच्या स्टॉपवर मोठी लाईन होती तर मामा वळून म्हणाले, "मास्तर, तिकिटं आत काढा, आधी सगळ्यांना वर घ्या." आम्ही ६.४८ ला रूळ ओलांडले. मागे बघितलं तर फाटकवाला हँडलकडे चाललेला. तिथंच अ‍ॅपचा आकडा ५ मिनिटांनी खाली आला.

नंतर घाट. पुढे लोड ट्रक होता, बाकी गाड्या त्याच्या शेपटीला चिकटलेल्या, आणि मामा मात्र मुद्दाम मागे राहिले, चांगलं तीनचार गाड्यांचं अंतर ठेवून थर्डमध्ये. मला वाटलं आज काही खरं नाही. पण वळण संपून सरळ चढ दिसला, समोरचं सगळं मोकळं दिसलं, तेव्हा आमच्या गाडीला वेग आधीच होता म्हणून एका दमात ट्रक मागे पडला. चिकटलेल्यांना उचल घ्यायलाच जागा नव्हती, ते पुढच्या वळणापर्यंत तसेच. इथं ५ मिनिटं सुटली. उरलेली ३ शहरात शिरतानाच्या सिग्नलांवर, त्याचं कोणी जाणकार सांगेल तर बरं, मामा तिथं ३५ च्या वर जातच नाहीत आणि पाचही हिरवे मिळतात.

तुमच्याकडे असे कोण आहेत? ते नेमकं काय करतात ते लिहा, नुसतं "भारी चालवतात" नको.

खिडकीवाली
आमचे काका पण असेच. पण मला वाटतं कारण साधं आहे, अ‍ॅप कारसाठी बनवलंय, त्याला बसचं काही कळत नाही म्हणून टाईम चुकतो.

जुना टाईमकीपर
डेपोत बरीच वर्षं टाईमटेबलाचं काम केलंय म्हणून लिहितो. खिडकीवाली ताई, अर्धं बरोबर आहे तुमचं. पण कारचा टाईम धरला असता तर बस उशिरा पोचायला हवी होती, कारण कार स्टॉपला थांबत नाही. इथं उलटं झालंय.

खरी गंमत फाटकात आहे. अ‍ॅपला रस्त्यावरच्या फोनांवरून कळतं कुठला तुकडा किती वेळात पार होतोय, आणि आधीच्या दिवसांचा अनुभव त्यात मिसळलेला असतो. आता फाटकावर काही गाड्या सरळ निघून जातात, काही दहा मिनिटं अडकतात, तर हिशोबात येतात मधलीच ५ मिनिटं. ती ५ मिनिटं प्रत्यक्षात जवळजवळ कोणालाच लागत नाहीत, एकतर शून्य नाहीतर दहा. मामांना माहीत आहे की आज आपण कुठल्या बाजूला आहोत, आणि दोन स्टॉप आधीपासून ते त्या बाजूला जायची तयारी करतात. फाटक पडलेलं असताना अ‍ॅपवर तो तुकडा लाल दिसतो, उघडल्यावर लाल जायला जरा वेळ लागतो, तेवढ्यात बाहेरचा माणूस वळसा घालून लांबच्या रस्त्याने निघून गेलेला असतो.

सिग्नलचं पण तेच. ओळीतले सिग्नल एकमेकांना जोडलेले असतील तर एका ठरावीक वेगाने गेलं की हिरवे सलग मिळतात. ६० ने पळालात की पुढच्या लालवर उभे. सगळीकडे जोडलेले नसतात, आणि वेळा बदलल्या की ३५ चं गणित पण बदलतं.

रात्रपाळी
माझा वेगळा प्रॉब्लेम आहे. अ‍ॅपमध्ये बस ४ मिनिटांत येतेय दाखवतं, मग २, मग गायब. बस आलेलीच नसते. याच्यावर काही उपाय आहे का?

जुना टाईमकीपर
तो विषय निराळा आहे हो. गाडीवरच्या यंत्राचा सिग्नल येत नसेल तर काही अ‍ॅप टाईमटेबलवरूनच बस पुढे सरकवतात, मग फेरी रद्द असली तरी स्क्रीनवर ती चालतच राहते. गाडीचा ठिपका नकाशावर खरंच हलतोय का तेवढं बघा.

शेवटचा स्टॉप
सगळे कौतुक करताय पण मी मधल्या स्टॉपवर उभी असते. आमचे जुने ड्रायव्हर असेच भराभर येतात आणि टाईमाच्या ३ मिनिटं आधी निघून जातात, मग पुढची गाडी ४० मिनिटांनी. उशिरा आलेली बस निदान येते तरी, लवकर गेलेली गेलीच. आत बसलेल्यांची १३ मिनिटं वाचली, माझी ४० गेली, हे कोण मोजणार?

धागाकर्ता
ताई, हे अगदी खरं. आमचे मामा घाटाच्या पायथ्याच्या स्टँडवर टाईम होईपर्यंत उभे राहतात, वाचलेली मिनिटं तिथंच थोडी खर्च होतात, नाहीतर आम्ही अजून लवकर पोचलो असतो. पण छोट्या स्टॉपांवर ते असं थांबतात का, हे मी कधी बघितलं नाही. आता बघेन.

जुना टाईमकीपर
छोट्या स्टॉपांचे टाईम पुष्कळदा अंदाजाने टाकलेले असतात, ड्रायव्हरकडे छापील वेळ फक्त मोठ्या स्टँडची. त्यामुळे चूक त्याची की टेबलाची हे दर वेळी सांगता येत नाही. पण तुमची तक्रार रास्त आहे.

पाना
आमच्याकडच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरचा उलटा किस्सा. पुलाचं काम सुरू झालेलं, अ‍ॅप वळणरस्ता दाखवत होतं, हे म्हणाले मला नको शिकवू, मी याच रस्त्यावर म्हातारा झालो. पुलापाशी गेलो तर बॅरिकेड. लांब गाडी, तिथं फिरवायला जागा नाही, क्लीनरसारखा मी मागे उभा राहून रिव्हर्स घ्यायला लावली, पाऊण तास गेला. कालपर्यंतचा रस्ता त्यांना पाठ होता, आज सकाळचा अ‍ॅपला.

खिडकीवाली
पण वळणरस्त्याला पण अ‍ॅपचं ऐकायचं कसं? आमच्याकडे त्याने एकदा कमी उंचीच्या बोगद्यातून रस्ता दाखवला होता, काकांनी लांबूनच मान हलवली. टपावरचं सामान अडकलं असतं.

आकडेमोड
मला एक शंका आहे. अ‍ॅपचा टाईम मधला असेल तर निम्म्या फेऱ्या त्याच्या आधी पोचणारच, कोणीही चालवो. आपल्याला जिंकलेल्या फेऱ्या लक्षात राहतात. त्याच गाडीवर दुसरा ड्रायव्हर असतो त्या दिवशी किती लागतात ते कोणी लिहून ठेवलंय का?

धागाकर्ता
मामांच्या सुट्टीच्या दिवशी एक तरुण ड्रायव्हर येतो. तो फाटकावर बऱ्याचदा अडकतो एवढं नक्की, बाकी घाटात फरक पडतो का ते सांगता नाही येणार. रिटायरमेंटच्या आधी त्यालाच मामांच्या शेजारी बसवणार आहेत म्हणे. दोघांचेही टाईम लिहून इथंच टाकतो, कोणाकडे आधीचे असतील तर द्या.