मदत हवी आहे: रिव्ह्यूअरला आमची पद्धतच कळली नाही, एडिटरला अपील कसं लिहू?

मिरजेची_मुक्ता

पेपर रिजेक्ट झाला. दोन नंबरच्या रिव्ह्यूअरने लिहिलंय की आम्ही 480 वेली म्हणजे 480 स्वतंत्र नमुने धरले, म्हणून निष्कर्ष ग्राह्य नाहीत. आम्ही असं काहीही केलेलं नाही. मिक्स्ड मॉडेल वापरलंय आणि पद्धतीच्या भागात तसं लिहिलंय. त्याने ते वाचलेलंच दिसत नाही. गाईड म्हणतात सोडून दे, दुसरीकडे पाठव. मला सोडायचं नाही. दोन वर्षं तासगाव भागातल्या बागा पालथ्या घातल्यात. कोणी एडिटरला अपील केलं असेल तर पत्राचा नमुना टाका. लवकर हवंय.

राहुल_कराड

मुक्ता, यात लिहायचंय काय? मिक्स्ड मॉडेलमध्ये बाग रँडम इफेक्ट म्हणून घातली की स्यूडोरेप्लिकेशनचा मुद्दा संपतो. एका ओळीत लिही की रिव्ह्यूअरला मिक्स्ड मॉडेलचं प्राथमिक ज्ञान नाही, दुसरा रिव्ह्यूअर द्या. मी असंच लिहिलं होतं.

पुसेसावळीकर

मग तुमचा पेपर छापला का?

राहुल_कराड

नाही, पण त्या एडिटरचा स्वभावच तसा होता.

विट्याची_सांख्यिकी

नमुना पत्र नंतर. आधी माहिती द्या, नाहीतर सगळे अंधारात बोलतायत. प्रयोग कसा होता? एका बागेत एकच उपचार होता की दोन्ही? मॉडेलची ओळ जशीच्या तशी टाका. आणि एडिटरने स्वतःच्या शब्दांत काय लिहिलंय? रिव्ह्यूअरचं नको, एडिटरचं.

मिरजेची_मुक्ता

मॉडेल काय सांगायचं, नेहमीचंच आहे. 12 बागा. प्रत्येक बागेचे दोन भाग केले, नाणं उडवून एका भागात उसाच्या पाचटाचं आच्छादन, दुसरा भाग मोकळा. प्रत्येक भागातून 20 वेली, मधल्या ओळी सोडून. मोजलं ते वेलीवरच्या घडाचं सरासरी वजन. एडिटरचं पत्र चार ओळींचं आहे: मुख्यतः सांख्यिकीविषयक आक्षेपामुळे स्वीकारता येत नाही. पहिल्या रिव्ह्यूअरने किरकोळ दुरुस्त्या सांगितल्यात.

```
lmer(wajan ~ pachat + (1 | bag/bhag), data = d)
```

कवठेमहांकाळचा_बागायतदार

ताई, एकरी किती पाचट टाकलं? आमच्याकडे पाचट टाकलं की वाळवी लागते आणि खोडाशी उंदीर येतात. खरड छाटणीनंतर टाकलं की फळ छाटणीनंतर?

विट्याची_सांख्यिकी

मुक्ताताई, ओळ टाकलीत हे फार बरं झालं, कारण तुमची सगळी बाजू त्या `/bhag` वर उभी आहे. राहुल, तुम्ही सांगितलंत ते अर्धंच बरोबर आहे आणि ते तसंच पत्रात गेलं असतं तर रिव्ह्यूअरचा आक्षेप खरा ठरला असता.

पाचट वेलीला घातलेलं नाही, बागेच्या अर्ध्या भागाला घातलंय. म्हणजे प्रयोगाचं एकक ते अर्धं आहे. अशी एककं 24, आणि तुलनेच्या जोड्या 12. फक्त `(1 | bag)` घातलं तर बागे-बागेतला फरक निघतो, पण एकाच बागेचे दोन भाग पाचटाशिवायही वेगळे असू शकतात, ते मॉडेलला कळत नाही. एका भागाची जमीन भारी असते, पाण्याचा उतार एका बाजूला असतो. तो फरकही मग पाचटाच्या नावावर जमा होतो. अशा वेळी पाचटाच्या कसोटीला 467 डिग्रीज ऑफ फ्रीडम मिळतात, स्टँडर्ड एरर खोटी लहान येते. रिव्ह्यूअरला नेमकी हीच भीती आहे आणि ती भीती रास्त आहे.

तुमच्या मॉडेलमध्ये भाग वेगळा घातलाय, म्हणून कसोटी 11 वर व्हायला हवी. तुमच्या निकालाच्या तक्त्यात डिग्रीज ऑफ फ्रीडम किती छापलेत?

मिरजेची_मुक्ता

तक्त्यात 11 च आहे. फरक 31 ग्रॅम, स्टँडर्ड एरर 9.4, टी 3.30, पी 0.007. पेपरात समोर छापलंय! आता तुम्हीच सांगा, ज्याला 11 दिसत नाही त्याला काय म्हणायचं?

राहुल_कराड

467 कुठून आले? एवढी घाबरवणारी भाषा नको. बहुतेक पेपरात `(1 | bag)` च असतं आणि ते छापून येतात.

विट्याची_सांख्यिकी

480 निरीक्षणं, त्यातून 12 बागांच्या सरासऱ्या आणि एक उपचार वजा. छापून येतात हे खरं आहे. उपचार एकेका वेलीला वेगळा दिला असता तर तेच मॉडेल योग्य होतं. इथे तसं नाही.

निवृत्त_मास्तर_कराड

तुम्हा मुलांना हे मॉडेल-बिडेल कशाला लागतं तेच कळत नाही. हा साधा आरबीडी आहे, बागा म्हणजे ब्लॉक. आमच्या वेळी पानसे-सुखात्मे उघडायचं आणि तक्ता मांडायचा. बागा 11, उपचार 1, बाग गुणिले उपचार 11, भागाच्या आतल्या वेली 456, एकूण 479. उपचाराची कसोटी बाग गुणिले उपचार या ओळीवर घ्यायची, वेलींच्या ओळीवर नाही. विषय संपला. आणि सुखात्मे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, हे आजच्या किती पोरांना माहीत आहे?

पुसेसावळीकर

काका, बुध आमच्या खटाव तालुक्यात. शाळेत आम्हाला कोणी कधी सांगितलं नाही. ते पुढे एफएओमध्ये होते ना?

निवृत्त_मास्तर_कराड

होय, रोमला. पोषण आणि अन्नाच्या आकडेवारीवर मोठं काम आहे त्यांचं. पण पीक कापणी प्रयोगांचं आधीचं काम मला जास्त मोलाचं वाटतं.

विट्याची_सांख्यिकी

मास्तर, तुमचा तक्ता या पत्रात जसाच्या तसा जायला हवा. मुक्ताताई, मॉडेल तेच ठेवा, पण समजावताना मास्तरांचा तक्ता वापरा. समतोल प्रयोग असला, म्हणजे प्रत्येक भागात सारख्याच वेली असल्या, की दोन्हींचं उत्तर एकच येतं. रिव्ह्यूअर बहुधा जुन्या वळणाचा कृषी शास्त्रज्ञ आहे. त्याला `bag/bhag` म्हणून काही दिसत नाही, पण "456 ची ओळ आम्ही कसोटीला वापरलेली नाही" हे एका नजरेत कळेल.

दुसरा पुरावा याहून साधा आहे. प्रत्येक भागाच्या 20 वेलींची सरासरी काढा, 24 आकडे उरतील, 12 जोड्या. पेअर्ड टी टेस्ट करा:

```
s <- tapply(d$wajan, list(d$bag, d$pachat), mean)
t.test(s[, "hoy"], s[, "nahi"], paired = TRUE)
```

टी 3.30 आणि 11 आले तर वेलींची संख्या 480 असो की 4800, निष्कर्ष तिच्यावर उभा नाही हे सिद्ध झालं. 3.30 आलं नाही तर आधी इथे या, पत्र पाठवू नका. एखाद्या भागात 20 ऐवजी 18 वेली असतील तर थोडा फरक पडेल, तो चालेल.

मिरजेची_मुक्ता

केलं. 3.30, 11. तंतोतंत. पाचट कोणत्या भागात आहे ते `hoy`/`nahi` असंच होतं, लगेच चाललं.

पत्राची सुरुवात अशी केलीये: "दुसऱ्या रिव्ह्यूअरने आमची पद्धत न वाचताच आक्षेप घेतला असून त्यांचे सांख्यिकीचे ज्ञान अपुरे आहे." पुढे दोन पानं.

वाईची_संपादिका

मी एका संशोधन नियतकालिकाच्या संपादकीय कामात आहे (तुमच्या विषयातलं नाही), म्हणून बोलते. ते वाक्य काढा. अपील वाचताना एडिटर एकच गोष्ट शोधतो: निर्णय ज्या आक्षेपावर उभा आहे, त्यात वस्तुस्थितीची चूक आहे का आणि ती मला पाच मिनिटांत तपासता येईल का. रिव्ह्यूअर त्यानेच निवडलेला असतो. त्याचं ज्ञान काढलं की तुम्ही एडिटरची निवड चुकली म्हणता.

पत्र एका पानाचं करा. वर हस्तलिखिताचा क्रमांक आणि मागणी: हा एक मुद्दा सांख्यिकीच्या जाणकाराकडून तपासून घ्यावा. "पेपर छापा" ही मागणी नको. मग रिव्ह्यूअरचं वाक्य अवतरणात. त्याखाली तुमच्या हस्तलिखितातली ओळ, ओळ-क्रमांकासह, आणि तक्त्यातले 11. मग मास्तरांचा तक्ता, मग जोड्यांची कसोटी. बस. आणि पोर्टलवर नवीन पेपर म्हणून अपलोड करू नका, संपादकीय कार्यालयाला मेल करा. अपील चालू असताना दुसऱ्या जर्नलला पाठवलंत तर दोन्हीकडून जाल.

राहुल_कराड

अपिलात तीन-चार महिने जातात हो. तेवढ्यात दुसरीकडे निकाल लागतो. गाईडचं ऐका.

वाईची_संपादिका

काही ठिकाणी जातात. म्हणून पत्रातच विनम्रपणे विचारा की साधारण कधी कळेल. महिन्याभरात हालचाल नसेल तर अपील लेखी मागे घेऊन पुढे जाता येतं.

विट्याची_सांख्यिकी

एक विचारायचं राहिलं. 480 हा आकडा रिव्ह्यूअरने आणला कुठून? सारांशात काय लिहिलंय, आणि आलेखातले एरर बार कशावरून काढलेत?

मिरजेची_मुक्ता

सारांशात "एकूण 480 वेलींवर" आहे, ते खरंच आहे. आलेखात प्रत्येक वेलीचा ठिपका आणि बार 240-240 वेलींवरून. पण आलेख म्हणजे कसोटी नव्हे ना!

विट्याची_सांख्यिकी

नव्हे. पण घाईत वाचणाऱ्याने सारांश आणि आलेख पाहिला आणि तिथेच त्याचं मत बनलं. आलेख बदलून पत्रासोबत जोडा: 12 बागा, 12 रेघा, प्रत्येक रेघ मोकळ्या भागाकडून पाचटाच्या भागाकडे. किती रेघा वर जातात ते कोणालाही दिसेल. खाली फरक 31 ग्रॅम, 95 टक्के अंतराल साधारण 10 ते 52. सारांशात "12 बागा, 24 भाग, 480 वेली" अशा क्रमाने लिहायची तयारी दाखवा. "आमच्या मांडणीतून हे पुरेसं स्पष्ट झालं नसावं" एवढं एक वाक्य घाला.

मिरजेची_मुक्ता

ते वाक्य मला पटत नाही. 11 छापलेलं आहे.

निवृत्त_मास्तर_कराड

मुक्ता बाळ, नको घालूस. बरोबर असताना मान का तुकवायची? तक्ता बोलेल.

वाईची_संपादिका

मास्तर, आदर ठेवून असहमत. त्या वाक्याने रिव्ह्यूअरला मत बदलायला वाट मिळते. पण पत्र तिचं आहे.

मुक्ता, आणखी एक. पहिल्या रिव्ह्यूअरने किंवा एडिटरने एकाच हंगामाबद्दल काही म्हटलंय का? "मुख्यतः" या शब्दामागे दुसरं काही दडलेलं असतं.

मिरजेची_मुक्ता

दोन नंबरवाल्यानेच शेवटी लिहिलंय, एकाच हंगामाचा डेटा आहे. दोन वर्षं फिरले, पण पहिल्या वर्षी घड भरायच्या आधीच अवकाळी पावसाने सहा बागा गेल्या, तो डेटा घेतलाच नाही.

विट्याची_सांख्यिकी

तो आक्षेप खरा आहे आणि त्याला अपिलात उत्तर नाही. 12 बागा कितीही नीट मोजल्या तरी हंगाम एकच. मी पत्रात त्याला हात लावणार नाही.

वाईची_संपादिका

मी लावेन, एका ओळीत: निष्कर्ष या हंगामापुरता मर्यादित असं मजकुरात लिहायला तयार आहोत. गप्प राहिलात तर एडिटर तोच मुद्दा पुढे करून दार बंद करेल.

मिरजेची_मुक्ता

ही ओळ घालते. वरचं ते वाक्य नाही घालत. आलेख झाला की रात्री मेल करते. 12 पैकी 10 रेघा वर जातात.

कवठेमहांकाळचा_बागायतदार

ज्या दोन खाली गेल्या त्या बागांत वाळवी होती का ताई? माझा प्रश्न अजून तसाच आहे.

मिरजेची_मुक्ता

दादा, वाळवी त्यातल्या एकीत होती, दुसरीत नव्हती, तिथे पाणी तुंबत होतं. पाचट खरड छाटणीनंतर टाकलं, खोडापासून वीतभर जागा मोकळी ठेवून. एकरी हिशोब वही बघून सांगते.