मदत हवी आहे: शिशाची जाडी १.२५ मिमी कशी येते? परवा पेपर आहे

कळवा_लोकल · रात्री १०.४०
रेडिओग्राफीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जुन्या पेपरातलं एक गणित दोन तास सुटत नाहीये. १ मीटरवर डोस रेट ताशी ३.२ मिलिग्रे, शिशाचं एचव्हीएल, म्हणजे डोस अर्धा करणारी जाडी, ०.२५ मिमी, तर शिसं किती लागेल? माझं उत्तर २.०८ येतं, उत्तरसूचीत १.२५ आहे. कुठे चुकतंय ते कृपया लवकर सांगा.

वाशी_डार्करूम · १०.५२
ग्रेचं सिव्हर्ट केलंस का? छातीवर किरण येतात म्हणजे फुफ्फुसाचा ०.१२ लावायचा. तिथेच आकडा खाली येईल.

आरपी_शिकवतो · १०.५८
नाही, ०.१२ इथे लावू नका. तो टिश्यू फॅक्टर. एकाच अवयवाला मिळालेल्या डोसचा संपूर्ण शरीराच्या जोखमीत वाटा किती, हे काढताना तो लागतो. इथे माणूस पूर्णच किरणांत उभा आहे असं धरायचं. एक्स-रेचा रेडिएशन फॅक्टर १, म्हणून ३.२ मिलिग्रेचे थेट ३.२ मिलिसिव्हर्ट धरा.
कळवा, तुमचा प्रश्न अर्धाच आहे. डोस किती खाली आणायचा ते कुठेच लिहिलेलं नाही. माणूस कुठे उभा आहे?

नेरूळची_वहिनी · ११.०५
माफ करा, मधेच विचारते. माझ्या जावेला तिसरा महिना आहे आणि दाताचा एक्स-रे काढायला सांगितलाय. काढू का नको?

आरपी_शिकवतो · ११.०९
दाताच्या एक्स-रेत किरण जबड्यावर असतात, पोटापर्यंत फारच थोडे पोहोचतात. गरोदर आहे हे डेंटिस्टला आधी सांगा, एक्स-रे आत्ताच हवा का ते ते ठरवतील. बाकी वेगळ्या धाग्यात विचारा, इथे मुलीचा पेपर आहे.

कळवा_लोकल · ११.१४
सॉरी सर, पूर्ण प्रश्न असा आहे: ऑपरेटर ट्यूबपासून २ मीटरवर, आठवड्याला ४० तास, वर्षाला ५० आठवडे काम. वार्षिक मर्यादेत राहण्यासाठी शिशाची जाडी किती? पर्याय ०.७५, १.२५, १.६, २.१. मी मर्यादा २० मिलिसिव्हर्ट धरली. २००० तासांनी भागल्यावर ताशी १० मायक्रोसिव्हर्ट. ३२०० भागिले १० म्हणजे ३२०, म्हणजे आठच्या थोडे वर एचव्हीएल. म्हणून २.१ टिक केलं.

वाशी_डार्करूम · ११.२०
मग २ मीटरचं काय केलंस? इन्व्हर्स स्क्वेअर विसरलीस. अंतर दुप्पट, डोस चौथा हिस्सा. ३२०० चे ८०० झाले. आता ८०० चे १० कर.

कळवा_लोकल · ११.२७
अरे हो! मी २ मीटर ही नुसती माहिती समजून सोडून दिली होती. पण दादा, ८०० भागिले १० म्हणजे ८०. सहा वेळा अर्धं केलं की ६४, सात वेळा १२८. म्हणजे सव्वासहाच्या जवळ, जाडी १.५८. हा तर १.६ चा पर्याय झाला. १.२५ अजूनही येत नाही.

आरपी_शिकवतो · ११.४१
आता खरा अडथळा दिसतोय. उत्तराकडून उलटं या. १.२५ मिमी म्हणजे ०.२५ चे पाच थर. ८०० पाच वेळा अर्धं करा: ४००, २००, १००, ५०, २५. उत्तर काढणाऱ्याने ताशी २५ मायक्रोसिव्हर्ट धरलेत. २५ ला २००० तासांनी गुणा, ५० मिलिसिव्हर्ट. ही जुनी वार्षिक मर्यादा. आयसीआरपीने १९९० च्या शिफारशींत ती ५ वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० वर आणली. तुमचं आकडेमोडीचं काम बरोबर आहे, उत्तरसूची त्याआधीच्या मर्यादेवर बेतलेली आहे.

घोडबंदर_सीटी · ११.५०
पण ५० अजून चालतं ना सर? आयसीआरपीत एका वर्षाची कमाल ५० च आहे.

आरपी_शिकवतो · ११.५६
आयसीआरपीत एखाद्या वर्षी ५० पर्यंत जायला मुभा आहे, पण ५ वर्षांची बेरीज १०० च्या आत हवी. आपल्याकडे एईआरबीने एका वर्षाची कमाल ३० ठेवलीय. आणि भिंत एका वर्षासाठी बांधत नाहीत. दरवर्षी ५० मिळेल अशी भिंत बांधली तर दोन वर्षांतच १०० होतात.

घोडबंदर_सीटी · १२.०३
मान्य. पण मुळात प्रश्नच खोटा आहे. ट्यूब आठवड्याला ४० तास चालू असते का कुठे? आमच्याकडे दिवसाला साठ-सत्तर छात्या होतात, तरी किरण निघतात ते सेकंदाच्या अंशभर. लेआउट काढताना आठवड्याचे मिलिअँपिअर-मिनिट बघतात, भिंतीपलीकडे कोण किती वेळ असतं ते बघतात. नऊ इंची विटांची भिंत आणि दाराला शिशाचा पत्रा, एवढ्यात काम होतं.

वाशी_डार्करूम · १२.१०
परीक्षेत नऊ इंची भिंत लिहून मार्क मिळत नाहीत हो.

आरपी_शिकवतो · १२.१८
दोघांचंही बरोबर आहे. आणखी एक गोष्ट या गणितात दडलेली आहे, तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. प्रत्येक थराला डोस अर्धाच होतो हे सगळे फोटॉन एकाच ऊर्जेचे असतील तरच. ट्यूबमधून वेगवेगळ्या ऊर्जेचे फोटॉन निघतात. पहिल्या थरात कमकुवत जास्त अडकतात, पुढे जाणारे आधीपेक्षा कणखर असतात. त्यामुळे दुसरा एचव्हीएल पहिल्यापेक्षा जाड असतो. पहिल्या ०.२५ ने पाच-सहा थर मोजलेत तर प्रत्यक्षात शिसं थोडं कमीच पडेल. गणितात सरळ पाच गुणा, पण हे तोंडी विचारलं तर सांगता आलं पाहिजे.

कळवा_लोकल · १२.२५
हे आमच्या नोट्समध्ये नव्हतं. म्हणून फिल्टर लावलेल्या बीमचा एचव्हीएल वाढतो का?

आरपी_शिकवतो · १२.२७
तेच कारण. ॲल्युमिनियमने कमकुवत गाळले की उरलेल्यांना अर्धं करायला जास्त जाडी लागते.

नेरूळची_वहिनी · १२.३०
डेंटिस्टना उद्या फोन करते. धन्यवाद.

घोडबंदर_सीटी · १२.३६
मर्यादेवरून आठवलं. आमच्याकडे एका मुलाने डोस मोजणारा टीएलडी बॅज काढून ॲप्रनला अडकवला आणि ॲप्रन एक्स-रे रूममधल्याच खुंटीवर. तीन महिने बॅज तिथेच. रीडिंग इतकं आलं की लेखी खुलासा मागवला. मुलगा त्या महिन्यांत सुट्टीवर होता, पण बॅजला ते कसं कळणार. बॅज अंगावर, ॲप्रनच्या आत, छातीवर. ड्यूटी संपली की किरणांपासून लांब ठेवायचा.

वाशी_डार्करूम · १२.४१
आमच्या सरांनी ॲप्रनच्या बाहेर लावायला शिकवलं होतं.

घोडबंदर_सीटी · १२.४४
बाहेर लावला तर उघड्या मानेचा आणि डोळ्यांचा अंदाज येतो, धडाचा नाही. दोन बॅज लावतात तेव्हा एक बाहेर असतो. एकच असेल तर आत.

कळवा_लोकल · १२.५२
शेवटचं विचारते. परवा हाच प्रश्न आला तर १.२५ टिक करू का १.६?

वाशी_डार्करूम · १२.५५
१.२५. मार्क उत्तरसूचीवरून मिळतात.

आरपी_शिकवतो · १२.५९
मी १.६ करीन. मर्यादा प्रश्नात दिलेली नसेल तर आजची धरायची. लेखी असेल तर पहिल्या ओळीत २० धरल्याचं लिहा, म्हणजे तपासणाऱ्याला कळेल. टिकचं सकाळी तुमच्या मॅडमना विचारून ठरवा.

वाशी_डार्करूम · १.०२
आणि मॅडम म्हणाल्या १.२५ तर?

कळवा_लोकल · १.११
विचारते. तोवर एक स्वतःच करून बघितलं. हाच ऑपरेटर ४ मीटरवर उभा राहिला तर ८०० चे २००, १० ने भागून २०. चार थरांना १६, पाचांना ३२, म्हणजे चारच्या जरा वर. जाडी १.०८. बरोबर?

आरपी_शिकवतो · १.१४
बरोबर. २ मीटरवरून ४ वर गेल्याने दोन थर वाचले, म्हणजे अर्धा मिलिमीटर शिसं. झोपा आता.