पहिली ऑर्डर कुणाची होती?

घरगुती पदार्थ विकणाऱ्यांना पाकिटावर आपली गोष्ट लिहा म्हटलं की उत्तर येतं: ‘आमची गोष्ट अगदी साधी आहे, त्यात लिहायचं काय?’

पहिली ऑर्डर कुणाची, ते लिहा. ‘आईच्या हातची चव’ कुणाच्याही पाकिटावर खपून जाते. औशाकडच्या माझ्या दोघी जावांनी लिहिलंय: ‘शेजारच्या काकूंना लेकीच्या रुखवतासाठी कुरडया हव्या होत्या. गहू तीन दिवस भिजवला, रोज पाणी बदललं, वाटून चीक काढला. थोरलीने चीक शिजवला, धाकटीने सोऱ्या धरला. रुखवत बघून पाहुण्यांनी नंबर मागितला.’ खाली एक ओळ: ‘कुरडया उन्हाळ्यातच करतो, पावसाळ्यात येसर मिळेल.’ मला तीच सगळ्यात आवडते, कारण ऊन नसेल तर कुरडई नीट वाळत नाही, हे मागणाऱ्याला आधीच कळतं. आणि येसर गिरणीतून दळून आणत असाल तर तेही सांगा, गिऱ्हाईक विचारतंच.