शंभर टक्के निकाल वाचताना

> "मुख्याध्यापिका बाईंच्या वार्षिक अहवालात दहावीचा निकाल १०० टक्के, सोबत सत्काराचे फोटो. पालकांनी विचारायचं काय?"

आधी नववीचा पट विचारा. टक्केवारी निघते ती परीक्षेला बसलेल्या मुलांवर. समजा नववीत ६४ मुलं होती. त्यातल्या आठ कच्च्या मुलांच्या हाती दाखला देऊन '१७ नंबरचा फॉर्म भरा' म्हणून सांगितलं. उरलेली ५६ बसली, ५६ पास झाली, लागला शंभर टक्के! ती आठजणं खाजगी विद्यार्थी ठरल्याने नियमित मुलांच्या निकालात धरलीच जात नाहीत. ६४ वर मोजलं तर साडेसत्त्याऐंशी. अर्थात वडिलांच्या बदलीमुळेही मुलं शाळा सोडतात, म्हणून पट घटलेला दिसला की लगेच आरोप नको. दाखले कोणत्या कारणाने गेले ते पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत विचारा. फोटोंत काय, पहिले पाच नंबरच असतात.