व्हिजिटिंग कार्डावर मराठीत हुद्दा काय लिहायचा – ग्रुपवरची चर्चा

ए-४०३ : नमस्कार मंडळी, एक मदत हवी होती. आमच्या फर्मची नवीन कार्डं छापायची आहेत, एका बाजूला इंग्रजी आणि एका बाजूला मराठी. इंग्रजीत थोरला भाऊ मॅनेजिंग पार्टनर, मी पार्टनर आणि आमच्याकडे १४ वर्षं काम करणारे एक गृहस्थ जनरल मॅनेजर. प्रिंटरने मराठी बाजू स्वतःच करून पाठवली, त्यात दादाला प्रबंध संचालक, मला भागधारक आणि त्यांना महासंचालक केलंय. वाचायला भारदस्त वाटतंय पण कुठेतरी खटकतंय. उद्या ११ वाजता फायनल द्यायचंय.

सी-१०४ : महासंचालक म्हणजे पोलीस खात्यातले रे बाबा. हे कार्ड घेऊन कुठे जाऊ देऊ नकोस त्यांना

बी-२०१ काकू : अरे थांब, छापू नकोस. तिन्ही चुकलेत आणि तिन्ही वेगवेगळ्या कारणाने चुकलेत. मी २० वर्षं कंपन्यांच्या कागदपत्रांची भाषांतरं केली, हे रोजचं होतं. आधी एक सांग, तुमची भागीदारी फर्म आहे की प्रायव्हेट लिमिटेड?

ए-४०३ : साधी भागीदारी काकू. वडिलांच्या वेळचं डीड आहे, ते गेल्यावर आम्ही दोघांनी नवीन केलं. रजिस्टर्ड आहे.

बी-२०१ काकू : मग आधी दादाचं बघू. प्रबंध संचालक हा शब्द धड मराठी नाही आणि धड हिंदीही नाही. हिंदीत मॅनेजिंग डायरेक्टरला प्रबंध निदेशक म्हणतात, मराठीत व्यवस्थापकीय संचालक. तुझ्या प्रिंटरने हिंदीतला प्रबंध आणि मराठीतला संचालक एकत्र जोडला. आपल्याकडे प्रबंध म्हटलं की पीएचडीचा प्रबंध आठवतो. आपल्या सरकारी कंपन्या आणि महामंडळं बघ, महावितरणचे अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक, एसटी महामंडळाचे उपाध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक, हीच रूढ पद्धत आहे. पण तुमच्या बाबतीत मुद्दा त्याच्याही आधीचा आहे. दादा संचालकच नाही! संचालक असायला कंपनी लागते, कंपनीला संचालक मंडळ असतं. भागीदारी फर्मला मंडळ नसतं, त्यामुळे तिथे व्यवस्थापकीय संचालक असूच शकत नाही. इंग्रजीत मॅनेजिंग पार्टनर आहे ना, मग मराठीत व्यवस्थापकीय भागीदार. बस.

ए-४०३ : पण काकू दादाला खरं तर इंग्रजीतसुद्धा मॅनेजिंग डायरेक्टरच हवं होतं, मार्केटमध्ये वजन पडतं म्हणतो 😅 मीच मॅनेजिंग पार्टनर लिहिलं

ए-७०२ : बरं केलंस. मी कंपनी सेक्रेटरी आहे म्हणून सांगते, कंपनी कायदा २०१३ मध्ये मॅनेजिंग डायरेक्टरची व्याख्याच आहे, कलम २(५४). आधी तो डायरेक्टर असायला लागतो आणि मग कंपनीच्या आर्टिकल्सनी किंवा करारानी किंवा सभेच्या किंवा बोर्डाच्या ठरावानी त्याच्याकडे कारभाराचे भरीव अधिकार सोपवलेले असायला लागतात. एका वेळी ५ वर्षांपेक्षा जास्त नेमणूक करता येत नाही. म्हणजे ते पद आहे, नुसता मान नाही. बँकेत लोनच्या फाइलला हे कार्ड लागलं तर समोरचा पहिली गोष्ट बोर्डाचा ठराव मागेल आणि तुमच्याकडे द्यायला असेल पार्टनरशिप डीड. दोन कागदांवर दोन हुद्दे दिसले की त्यांचे प्रश्न सुरू होतात.

बी-२०१ काकू : बरोब्बर. मला कोणी कार्ड भाषांतराला दिलं की मी डिक्शनरी नंतर उघडायचे, आधी विचारायचे की संस्था कुठल्या प्रकारची आहे. एकाच माणसाची असेल तर मालक किंवा प्रोप्रायटर, भागीदारी असेल तर भागीदार, कंपनी असेल तरच संचालक. एवढं कळलं की निम्मं काम होतं.

आता तुझं, भागधारक. ही चूक सर्वात जास्त दिसते कारण दोन्हीत भाग आहे. भागधारक म्हणजे शेअरहोल्डर, ज्याने कंपनीचा शेअर धारण केलाय तो. अशा माणसाला रोजच्या कारभाराशी काही देणंघेणं नसतं, १० शेअर घेतले की तोही भागधारक. भागीदार म्हणजे पार्टनर, जो धंद्यात आहे, नफ्यातोट्यात आहे आणि फर्मच्या देण्यांना स्वतःच्या खिशातून बांधलेला आहे. तुमच्या फर्मला शेअर्सच नाहीत तर भागधारक कुठून येणार? आणि भागीदार लिहिताना गी दीर्घ हं, प्रिंटर भागिदार लिहितात. तसंच व्यवस्थापकीयमधला की दीर्घ.

सी-१०४ : वहिनी, जनरल मॅनेजरला आमच्या सहकारी बँकेत सरव्यवस्थापक म्हणायचे. माझ्या प्रमोशनच्या ऑर्डरवर तसंच आहे. मग महाव्यवस्थापक बरोबर की सरव्यवस्थापक?

बी-२०१ काकू : भाऊजी दोन्ही बरोबर. सर म्हणजे मुख्य, सरचिटणीस सरन्यायाधीश यातला. जनरल सेक्रेटरीला आपण सरचिटणीस म्हणतो त्याच चालीवर जनरल मॅनेजर सरव्यवस्थापक झाला. सहकारात तो अजून ऐकू येतो. बाकी बेस्ट, रेल्वे, कंपन्या सगळीकडे महाव्यवस्थापक रुळलाय. रेल्वे स्टेशनवर महाप्रबंधक दिसतं ते हिंदी, मराठी नव्हे. नवीन कार्डावर मी महाव्यवस्थापकच लिहीन, पण ज्या संस्थेच्या नेमणूकपत्रात सरव्यवस्थापक आहे तिथे तोच ठेवीन, बदलायचा अधिकार भाषांतर करणाऱ्याचा नाही.

महासंचालक का चुकलं तेही सांगते. जनरलचं महा बरोबर केलं, पण मॅनेजरचं संचालक केलं. संचालक म्हणजे डायरेक्टर, म्हणून महासंचालक म्हणजे डायरेक्टर जनरल. मॅनेजर हा व्यवस्थापक. त्याच्या खाली डेप्युटी आला तर उपमहाव्यवस्थापक आणि असिस्टंट जनरल मॅनेजर सहायक महाव्यवस्थापक.

ए-४०३ : म्हणजे व्यवस्थापकीय भागीदार, भागीदार, महाव्यवस्थापक. क्लिअर 🙏 अजून एक. आमच्या त्या गृहस्थांना दादा म्हणतोय पार्टनर-सेल्स असं लिहू, एवढी वर्षं आहेत, त्यांनाही बरं वाटेल. मोठ्या कन्सल्टिंग कंपन्यांत असतं म्हणे तसं.

ए-७०२ : हे अजिबात करू नका. भागीदारी कायदा १९३२ चं कलम २८ वाच. जो माणूस बोलण्यातून, लिहिण्यातून किंवा वागण्यातून स्वतःला पार्टनर म्हणवतो किंवा माहीत असून म्हणवू देतो, त्याच्यावर विश्वास ठेवून कोणी फर्मला उधारी दिली तर त्या माणसाला तो पार्टनर असल्यासारखंच जबाबदार धरता येतं. तो डीडमध्ये नसला तरी. समज उद्या एखाद्या सप्लायरने त्यांचं कार्ड बघून ३ लाखांचा माल उधार पाठवला आणि फर्मकडून पैसे थकले, तर सप्लायर त्यांच्यामागे लागू शकतो. पगारावर काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यावर तुमचं कर्ज. बरं वाटण्यासाठी दिलेला हुद्दा आहे हे सप्लायरला कुठे माहीत?

ए-४०३ : बापरे. हे डोक्यातच नव्हतं. आणि त्यांनी कुठे ऑर्डर कन्फर्म केली तर?

ए-७०२ : तेही आहेच, पार्टनर हा फर्मच्या धंद्यासाठी फर्मचा एजंट समजला जातो. तुम्हीच त्यांना पार्टनर म्हणून पुढे केलंत तर नंतर आम्ही अधिकारच दिला नव्हता असं म्हणणं जड जातं. त्यांचा मान वाढवायचा तर महाव्यवस्थापक (विक्री) लिहा, तो हुद्दा मोठाच आहे.

बी-२०१ काकू : आणि मराठीत हे जास्त बोचतं. इंग्रजीत पार्टनर शब्द हल्ली सैल झालाय, चॅनेल पार्टनर, डिलिव्हरी पार्टनर, बिझनेस पार्टनर, ऐकणारा गंभीरपणे घेत नाही. पण मराठीत भागीदार छापलं की वाचणारा धंद्यातला वाटेकरीच समजतो, दुसरा अर्थ नाही. म्हणून चॅनेल पार्टनरचं मी कधी चॅनेल भागीदार केलं नाही, तो जर विक्रेता असेल तर अधिकृत विक्रेता लिहायचे.

डी-५०१ : काकू आमचं एलएलपी आहे, मी डेझिग्नेटेड पार्टनर. सीएच्या ऑफिसने मराठी लेटरहेडवर नामनिर्देशित भागीदार केलंय. चालेल?

बी-२०१ काकू : मला नाही पटत. नामनिर्देशित म्हणजे नॉमिनेटेड, कोणीतरी दुसऱ्याने आपल्या वतीने पाठवलेला असं वाटतं. एलएलपीत निदान दोन डेझिग्नेटेड पार्टनर असावेच लागतात आणि कायद्याची पूर्तता करायची जबाबदारी त्यांच्यावर असते, तो अर्थ त्यात येत नाही. मी अशा वेळी देवनागरीत डेझिग्नेटेड पार्टनर सरळ लिहिते. लोकांना कळतं आणि अर्थ बदलत नाही.

सी-१०४ : उलट बाजूचं विचारतो वहिनी. माझे साडू साखर कारखान्यात कार्यकारी संचालक होते. त्यांच्या मुलाने प्रोफाइलसाठी इंग्रजी केलं एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर. बरोबर ना?

बी-२०१ काकू : शब्दाला शब्द बरोबर पण बहुतेक चुकलंय 😊 आपल्या सहकारी साखर कारखान्यांत कार्यकारी संचालक म्हणजे ज्यांना सगळे एमडी म्हणतात ते, चेअरमनच्या खालोखाल कारभार बघणारे नोकरीतले अधिकारी. त्यांचं इंग्रजी मॅनेजिंग डायरेक्टर. तोच शब्द प्रायव्हेट कंपनीच्या कार्डावर आला तर एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर, म्हणजे कंपनीत रोज काम करणारा पण एमडीच असेल असं नाही. मराठीतून इंग्रजीत जाताना म्हणून जास्त जपायला लागतं. त्यांचं जुनं इंग्रजी पत्र किंवा ऑर्डर बघा, सहीखाली काय आहे तेच लिहा.

सी-१०४ : फोन करून विचारलं. इंग्रजी सहीच्या शिक्क्यावर मॅनेजिंग डायरेक्टरच आहे. मुलाला बदलायला सांगितलं

ए-४०३ : काकू आता जागेचं. प्रिंटर म्हणतो व्यवस्थापकीय भागीदार एका ओळीत बसत नाही, नावाच्या शेजारी लोगो आहे. व्य. भागीदार करू का विचारतोय.

बी-२०१ काकू : नको. व्य. म्हणजे काय हे वाचणाऱ्याने ओळखायचं का? दोन शब्द दोन ओळींत घे, वर व्यवस्थापकीय खाली भागीदार. अक्षर फार बारीक करू नकोस, व्य स्था यातली जोडाक्षरं बारीक छपाईत भरून जातात आणि काळा ठिपका दिसतो. स्क्रीनवर मोठं करून बघू नकोस, कार्डाच्या मापाचा प्रिंट काढून हातभर अंतरावरून वाच.

ए-४०३ : काढला आत्ता. स्था भरलंय खरंच. एक पॉइंट वाढवून दोन ओळी केल्या, आता स्वच्छ आहे. दादाला कलम २८ दाखवलं, पार्टनर-सेल्सचा विषय त्यानेच बंद केला. फायनल असं जातंय : व्यवस्थापकीय भागीदार, भागीदार, महाव्यवस्थापक (विक्री).

बी-२०१ काकू : छान. आणि इंग्रजी बाजूला त्या गृहस्थांचं जनरल मॅनेजरच्या पुढे सेल्स टाकलंस का? दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत.

ए-४०३ : नाही टाकलं! आत्ता टाकतो 🙏