इंग्रजी मेलमध्ये ‘काका’ कुठे लिहायचं आणि कुठे नाही?

शेवंती:
वडिलांचे चुलतभाऊ कॅनडात असतात. वडिलोपार्जित घराच्या वाटणीचे कागद सध्या चालू आहेत. काका मराठी छान वाचतात, पण त्यांचे मेल त्यांची सून बघते आणि तिला मराठी येत नाही. शिवाय इकडचे वकील सीसीमध्ये असतात, म्हणून सगळा व्यवहार इंग्रजीत. माझा मसुदा असा (नाव बदललं आहे):

```
Respected Mr. Vasant Kaka,
Kindly sign page 2 and send it by Friday.
Kaka have already told my father that they agree.
```

वाचताना काहीतरी खटकतंय, पण नेमकं काय ते सापडत नाही. नुसतं ‘डिअर वसंत’ लिहायला हात धजत नाही. काय करू?

कोरापान:
‘डिअर अंकल’ लिहा आणि मोकळ्या व्हा. जगात सगळ्यांना कळतं. इंग्रजीत लिहायचं तर इंग्रजीच लिहावं, उगाच खिचडी कशाला?

ओसरी:
मायन्याचं म्हणाल तर आमच्याकडे काकांना ‘तीर्थरूप’ लिहायची पद्धत. खाली शि. सा. न. वि. वि. ‘रिस्पेक्टेड’ हा त्याचाच इंग्रजी अवतार, तो काढू नका. हल्ली पत्रच कोणी लिहीत नाही म्हणा.

बोरूबहाद्दर:
ओसरी, तीर्थरूप फक्त आईवडिलांना. काका, मामा, आत्या यांना तीर्थस्वरूप. पण तो मायना इंग्रजीत नेण्यात अर्थ नाही. ‘रिस्पेक्टेड’ म्हटलं की शाळेतला रजेचा अर्ज आठवतो, घरच्या माणसाला ते परकं वाटतं.

आता मूळ मसुदा. त्यात आदर तीनदा घातलाय: रिस्पेक्टेड, मिस्टर आणि काका. ‘मिस्टर’ परक्याला लावतात, ‘काका’ घरच्याला. दोन्ही एकत्र आले की ‘श्रीयुत अहो बाबा’सारखं काहीतरी होतं. मिस्टर लावलात तर पुढे आडनाव हवं, आणि मग काका नको.

कोरापानांशी मी अर्धा सहमत आहे. आपल्याकडे हाक मारायचा शब्द वेगळा आणि नातं सांगायचा वेगळा, असं पुष्कळदा असतं. ‘हे माझे चुलते’ असं ओळख करून देताना म्हणतो, पण ‘अहो चुलते, जेवायला चला’ असं कोणी म्हणत नाही. तसंच भाऊ आणि दादा, बहीण आणि ताई. इंग्रजी लिहितानाही हीच वाटणी पाळावी. काकांशी थेट बोलताय तिथे ‘काका’च लिहा. तिसऱ्याला त्यांच्याविषयी सांगताय तिथे ‘माय फादर्स कझिन’ आणि पूर्ण नाव. वकिलाला ‘काका’ या शब्दातून नातं कळत नाही. वडिलांचा भाऊ काका, त्यांचा चुलतभाऊ काका, मावशीचा नवरा काका आणि शेजारचे निवृत्त गृहस्थही काकाच. ‘अंकल’ने ही अडचण सुटत नाही, तो तर मामालाही पोटात घेतो.

शेवंती:
हे पटलं. पण ‘काइंडली साइन’मध्ये काय चुकलं? सभ्यच आहे की.

बोरूबहाद्दर:
मराठीत आदर क्रियापदात बसलेला असतो. कर, करा, करावी: एवढ्या फरकाने माणूस कुठल्या पायरीवर आहे ते कळतं. इंग्रजीत ‘साइन’ एकच, आणि ‘यू’ही एकच. ‘काइंडली’ लावलं तरी तो हुकूमच राहतो, फक्त कार्यालयीन. म्हणून ‘सही करावी’चा सूर हवा असेल तर वाक्य प्रश्नाचं करा, ‘कुड यू’ने सुरू होणारं. त्यात एकदा, स्वल्पविराम देऊन, ‘काका’ अशी हाक घाला. एकदाच. प्रत्येक ओळीत घातली की लाडीगोडी वाटते.

तिसऱ्या ओळीत खरा धोका आहे. ‘काका हॅव’ आणि पुढे ‘दे’ हे आपलं आदरार्थी बहुवचन आहे. ‘काका आले, ते म्हणाले’ याचं सरळ इंग्रजी. वकील ते वाचून विचारेल, हे ‘दे’ म्हणजे कोण? काका आणि काकू दोघांची संमती आहे का? वाटणीच्या कागदात हा गोंधळ परवडणार नाही. इंग्रजीत काका एकवचनीच. त्यात त्यांचा अपमान नाही. शिवाय मेल त्यांनाच आहे, तर ‘काका म्हणाले’ कशाला? ‘तुम्ही म्हणालात’ असं थेट लिहा.

मी असं लिहिलं असतं:

```
Dear Vasant Kaka,
Namaskar. You told Baba on the phone that you agree
to the draft. Could you please sign page 2, Kaka, and
send us a scan by Friday?
```

आणि मसुद्याच्या कागदावर मात्र काका, बाबा काहीही नको. तिथे सगळ्यांची पूर्ण नावं, पासपोर्टवर असतील तशी.

निळीशाई:
माझी गंमत सांगते. आम्ही जर्मनीत असतो. भाचीने मेलवर ह्यांना ‘डिअर काका’ लिहिलं, ते आमच्या छोट्याने मोठ्याने वाचलं आणि त्याचे मित्र हसून लोळले. जर्मन पोरांच्या बोलीत काका म्हणजे शी! तेव्हापासून भाची नाव लावूनच लिहिते. तर, नुसतं काका नको, पुढे नाव हवंच.

कोरापान:
बघा! अंकल बरं होतं.

झुंबर:
मला मावशीबद्दल विचारायचंय. सोसायटीच्या सचिव बाई साठीच्या आहेत. इंग्रजी मेलमध्ये ‘डिअर मावशी’ लिहिलं तर उत्तर एकदम कोरडं आलं. नाराज झाल्या असतील का?

बोरूबहाद्दर:
शक्य आहे. सख्खी मावशी आईइतकी जवळची, पण नात्याबाहेर हा शब्द घरकामाच्या किंवा इस्पितळातल्या बायांना लावायची सवय आपण लावून घेतली आहे. शेजारच्या बाईंना म्हणून आपण काकू म्हणतो. सचिव म्हणून लिहिताय तर ‘मिसेस’ आणि आडनाव पुरे. गप्पांच्या निरोपात काकू.

ओसरी:
आणि ताई? माझ्यापेक्षा लहान बाईंनाही मी ताईच लिहितो, आदर म्हणून.

निळीशाई:
बोलताना चालतं हो. पण इंग्रजीत वाचणारा नेटवर बघतो आणि त्याला ‘एल्डर सिस्टर’ सापडतं. तुमच्या धाकट्या सहकारी बाईंना तुम्ही थोरली बहीण करून टाकता!

बोरूबहाद्दर:
ताईचं आणखी एक. घरात ताईला आपण बहुतेक ‘तू’च म्हणतो, आईला आणि मावशीलाही कित्येक घरांत. काकांना मात्र ‘अहो’. त्यामुळे ताईला इंग्रजीत ‘कुड यू’ लिहिलंत तर ती विचारेल, काय गं, रागावलीस का? तिला सरळ ‘सेंड इट, ताई’ चालतं.

शेवंती:
मेल गेला, तुमच्या मसुद्यासारखाच. एक राहिलं. वसंत आणि काका जोडून लिहायचं की सुटं? मराठीत तर जोडूनच लिहितो. आणि ‘के’ मोठा का?

बोरूबहाद्दर:
हाक म्हणून किंवा नावाला लागून आला की मोठा, ‘माय काका’ असं सामान्य नाम म्हणून आला की लहान, ‘अंकल’सारखंच. जोडण्याचं मात्र एकमत नाही. अनुताई वाघ हे नाव इंग्रजीत जोडूनच छापतात. काका कालेलकरांचं सुटं, पण तिथे काका आधी येतो आणि तो नात्याचा उरलेला नाही, नावच झालाय. १९५३ च्या मागासवर्ग आयोगालाही सगळे त्याच नावाने ओळखतात. घरच्या मेलमध्ये मी सुटं लिहितो, म्हणजे परदेशी सुनेला नाव कुठलं आणि नातं कुठलं ते दिसतं.

झुंबर:
मी जोडून लिहिते. सुटं लिहिलं की काका हे आडनाव वाटतं. आमच्या एका पार्सलवर तसं छापूनही आलं होतं.