उसाचं बोअर आणि दोन पदव्या

"अर्थशास्त्रातच पर्यावरणाचा एक पेपर घेतला तर भागतं की, दोन पदव्या कशाला?"

अर्थशास्त्र आणि पर्यावरण अभ्यास अशा दोन पदव्या एकत्र करायला केलेल्या पुष्कळ अर्जांना हे लागू पडतं, पण अर्जातला प्रश्न कोणता आहे त्यावर ठरतं. आमच्या अथणीकडे बऱ्याच उसाला बोअरचं पाणी. कर्नाटकात १० एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज मोफत, त्यामुळे पाणी २०० फुटांवरून ओढा नाहीतर ४०० वरून, शेतकऱ्याचं बिल शून्यच. माझ्या पुतणीने अर्जात विचारलं: मीटर बसवून दर लावला तर भूजल किती सावरेल? दराने उपसा किती घटेल ते अर्थशास्त्र सांगतं. घटल्यावर बेसॉल्टच्या भेगांतलं पाणी किती वर येईल, ते पर्यावरण अभ्यासातलं भूजल. इथवर दोघं तज्ज्ञ वेगवेगळे बसले तरी चाललं असतं. खरी अडचण पुढे आहे. पाणी वर आलं की तेवढंच उपसायला कमी युनिट लागतात, बिल उतरतं आणि पंप पुन्हा जास्त वेळ चालतो. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या गणितात परत शिरतं. तिच्या पहिल्या मसुद्यात नुसतं "दोन्हींची आवड" होतं. ते खोडून तिने हे चक्र मांडलं आणि त्याचा कुठला टप्पा कुठल्या पेपराशिवाय अडतो तेवढंच लिहिलं.